रजेचा अर्ज वरून परत आला: अग्रेषण पत्रात नेमकं काय लिहायचं?

कातळावरचा
राजापूर तालुक्यातल्या एका शासकीय कार्यालयात कनिष्ठ लिपिक आहे. टेबल आस्थापनेचं. यंदा चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबर २०२६ ला आहे आणि पाठोपाठ वडिलांची गुडघ्याची शस्त्रक्रिया कोल्हापूरला ठरली आहे. म्हणून १२ सप्टेंबर ते ११ ऑक्टोबर अशी ३० दिवसांची अर्जित रजा मागितली. २४ ऑगस्टला अर्ज दिला, 'मार्फत' लिहून. आमच्या तालुका अधिकाऱ्यांनी एका ओळीचं पत्र लावून तो जिल्हा कार्यालयाकडे पाठवला. ओळ अशी: "सोबतचा अर्ज पुढील कार्यवाहीस्तव सादर."

आठवड्यात अर्ज परत. शेरे तीन आहेत. एक, रजेचा कालावधी आणि जोडून घेतलेल्या सुट्ट्या स्पष्ट नाहीत. दोन, शिल्लक रजेचा ताळमेळ बसत नाही. अर्जात १०३ दिवस लिहिलेत, सोबतच्या रजा लेख्याच्या प्रतीत १११ दिसतात. तीन, पर्यायी व्यवस्था आणि शिफारस नमूद नाही.

अर्ज पुन्हा द्यायचा आहे. अर्जात काय बदलू आणि साहेबांच्या पत्रात काय असायला हवं? जाणकारांनी सांगावं.

फणसपोळी
योग्य मार्गाने अर्ज पाठवताना कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र जोडावं लागतं. जाहिरातीची शेवटची तारीख जवळ असेल तर आगाऊ प्रत थेट आयोगाकडे पाठवा आणि मुलाखतीच्या वेळी ना हरकत दाखवा.

कातळावरचा
@फणसपोळी, दुसऱ्या नोकरीचा अर्ज नाही हो, रजेचा आहे.

फणसपोळी
अरे, शीर्षकात 'अग्रेषण' वाचलं आणि सुटलो. राहू दे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मालवणी_तिरफळ
गणपतीत सगळ्यांकच रजा होयी, मगे हापिसात बसतलो कोण? तिसरो शेरो थयसूनच इलो हा.

जावक_बारनिशी
तिरफळांनी गमतीत म्हटलं, पण तिसऱ्या शेऱ्याचं मूळ तेच आहे. आता क्रमाने बघू. तिन्ही शेऱ्यांपैकी पहिला सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यात तुमचं स्वतःचं नुकसान आहे.

पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. तुमचं कार्यालय त्यात येत असेल तर शनिवार १२, रविवार १३ आणि सोमवार १४ सप्टेंबर हे तिन्ही दिवस सुट्टीचेच. तिकडे शुक्रवार ९ ऑक्टोबरनंतर १० आणि ११ हे शनिवार-रविवार. म्हणजे तुम्हाला लागणारी प्रत्यक्ष रजा मंगळवार १५ सप्टेंबर ते शुक्रवार ९ ऑक्टोबर. सप्टेंबरचे १६ दिवस आणि ऑक्टोबरचे ९, एकूण २५. आधीचे तीन आणि नंतरचे दोन दिवस 'जोडून' मागायचे. घरी राहणार तुम्ही तेवढेच ३० दिवस, पण खात्यातून जाणार २५. तुम्ही ३० मागून पाच दिवस फुकट घालवत होतात. जिल्हा कार्यालयातल्या टेबलाने सरळ ३० मंजूर केले असते तर तुम्हाला कळलंही नसतं. शेरा मारणाऱ्याचे आभार माना.

अर्जात 'मागे-पुढे सुट्ट्या जोडून' असं लिहू नका. मागे म्हणजे आधी की नंतर, यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. 'रजेपूर्वी दि. १२, १३ व १४ सप्टेंबर आणि रजेनंतर दि. १० व ११ ऑक्टोबर' असं तारखांसकट लिहा. सुट्ट्या आपोआप जोडल्या जात नाहीत. मागणी लेखी हवी आणि आदेशातही परवानगीचं वाक्य यायला हवं.

आगोट
मग २ ऑक्टोबर पण वजा करा की. गांधी जयंती आहे, शुक्रवार. २४ दिवस होतात. आणि मधले शनिवार-रविवार धरले तर अजून कमी.

जावक_बारनिशी
नाही. रजेच्या पोटात आलेली सुट्टी रजेतच मोजली जाते. फक्त दोन्ही टोकांच्या सुट्ट्या बाहेर राहू शकतात. मधल्या सुट्ट्या वगळायची पद्धत किरकोळ रजेची. ती मुळात रजा नियमांतली रजा नाहीच, म्हणून तिचा हिशोब वेगळा.

आगोट
बरोबर. किरकोळशी गल्लत झाली. पण मग सोपा मार्ग सांगतो, अर्जित कमी घ्या आणि शेवटी दोन दिवस किरकोळ लावा. वर्षाला आठ मिळतात, तशाही डिसेंबरला वाया जातात.

खारवी_आळी
आगोट, पुन्हा अर्धं बरोबर. आठ मिळतात हे खरं. पण किरकोळ रजा अर्जित किंवा दुसऱ्या कुठल्या नियमित रजेला चिकटवता येत नाही. असा अर्ज गेला की चौथा शेरा येणार.

सुरंगी
वडिलांच्या आजारपणासाठी आहे ना? मग परिवर्तित रजा का घेत नाही? अर्धपगारी खात्यातून जाते, अर्जित शाबूत राहते. निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंत रोखीकरण असतं ते अर्जितचंच. हॉस्पिटलचा कागद लावायचा, झालं.

जावक_बारनिशी
@सुरंगी, रोखीकरणाचा मुद्दा रास्त आहे. पण महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे परिवर्तित रजेसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं ते कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या आजारपणाचं. वडिलांच्या शस्त्रक्रियेचं चालत नाही. अर्धपगारी रजा खाजगी कारणासाठी मिळू शकते, पण तेव्हा पगारही अर्धाच. इथे अर्जितच योग्य आणि तिला वैद्यकीय कागद लागत नाही. कारणाच्या रकान्यात 'वडिलांची शस्त्रक्रिया व शुश्रूषा' पुरे. शस्त्रक्रियेच्या तारखेचं रुग्णालयाचं पत्र असेल तर लावा. सक्तीचं नाही, पण गणपतीच्या ढिगाऱ्यात तुमचा अर्ज वेगळा दिसेल.

सुरंगी
हे माहीत नव्हतं. आमच्या ओळखीत सर्रास लावतात.

खारवी_आळी
लावतात ते स्वतःच्या पाठदुखीचं :)

नारळाचो_काप
दुसऱ्या शेऱ्याकडे कोणी बघितलंच नाही. १०३ आणि १११ मध्ये फरक ८ चा. धागाकर्त्याने या वर्षात आठ दिवसांची अर्जित रजा घेतली होती का?

कातळावरचा
हो. मे महिन्यात ८ दिवस. आमच्या साहेबांनीच मंजूर केली होती, आदेशही निघाला होता.

नारळाचो_काप
मग उत्तर सापडलं. आदेश निघाला, पण सेवापुस्तकातल्या रजा लेख्यात त्याची नोंद झाली नाही. हिशोब मांडून बघा. अर्जित रजा वर्षातून दोनदा आगाऊ जमा होते, १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५. तुमची गेल्या डिसेंबरअखेरची शिल्लक किती?

कातळावरचा
८१.

नारळाचो_काप
८१ मध्ये जानेवारीचे १५ मिळवले की ९६. मे मधले ८ वजा, राहिले ८८. जुलैचे १५ मिळवून १०३. तुमचा आकडा बरोबर. नोंद न झालेल्या लेख्यात ९६ अधिक १५ म्हणजे १११ दिसणारच. आता २५ दिवस मंजूर झाले की ७८ उरतील.

काम असं करा. मेच्या आदेशाचा क्रमांक आणि दिनांक घालून रजा लेख्यात नोंद घ्या, कार्यालय प्रमुखांची स्वाक्षरी घ्या आणि मग लेख्याची नवी प्रत काढा. जुन्या प्रतीवर पेनाने १११ खोडून १०३ करून पाठवू नका. तसं पान दिसलं की जिल्ह्याचं टेबल मूळ सेवापुस्तकच मागवतं, आणि ते टपालाने जाऊन यायला अनंत चतुर्दशी होईल.

गेल्या सहामाहीत विनावेतन असाधारण रजा घेतली असेल तर १५ मधूनही कपात होते, त्या दिवसांच्या एक दशांश. तुमच्या बाबतीत तसं काही दिसत नाही.

मालवणी_तिरफळ
आस्थापना टेबल कोणाचा म्हणालास रे कातळा?

कातळावरचा
माझंच. :(

मालवणी_तिरफळ
सगळ्यांच्या नोंदी करता आणि आपलीच इसारलो. सुताराच्या घराक दार नाय.

खारवी_आळी
हसण्यावारी नेऊ नका, यातून एक गंभीर गोष्ट निघते. धागाकर्ता आस्थापनेला आहे म्हणजे स्वतःच्या रजेची टिप्पणी, अग्रेषण पत्राचा मसुदा आणि रजा लेख्याची नोंद सगळं त्याच्याच हातचं. तसं करू नका. दुसऱ्या लिपिकाकडून किंवा वरिष्ठ सहायकाकडून टिप्पणी ठेवून घ्या. स्वतःच्या शिल्लक रजेचा दाखला स्वतःच लिहिलेला असला की लेखापरीक्षणात बोट तिथेच पडतं, आकडा खरा असला तरी.

दर्यावर्दी
छोट्या कार्यालयात दुसरा लिपिक असतोच कुठे? पदं रिक्त. मसुदा स्वतःच करायचा, साहेबांनी वाचून सही करायची. पुस्तकातले नियम तालुक्याच्या गावात चालत नाहीत.

खारवी_आळी
मसुदा करा हवं तर. शिल्लक रजेच्या पडताळणीखाली तरी दुसऱ्याची आद्याक्षरी असू दे.

जावक_बारनिशी
आता मूळ प्रश्न, अग्रेषण पत्र. "पुढील कार्यवाहीस्तव सादर" हे पोस्टमनचं वाक्य झालं. वरच्या कार्यालयाला अर्ज वाचता येतो. अर्जदाराने जे लिहिलं ते खरं आहे का, आणि हा माणूस नसताना तुमचं कार्यालय चालेल का, या दोनच गोष्टी त्यांना वरिष्ठाकडून हव्या असतात. पहिलीचं उत्तर म्हणजे शिल्लक रजेची पडताळणी, दुसरीचं म्हणजे पर्यायी व्यवस्था. दोन्ही असली की शिफारशीला अर्थ येतो. त्यांच्याशिवाय नुसतं 'शिफारस आहे' लिहिलं तर तेही पोकळच.

तुमच्या प्रकरणात पत्र साधारण असं व्हावं:

जा. क्र./आस्था/रजा/    /२०२६, दिनांक
प्रति, मा. जिल्हा … अधिकारी, रत्नागिरी
विषय : श्री. …, कनिष्ठ लिपिक यांच्या अर्जित रजेबाबत.
संदर्भ : १) त्यांचा दि. … चा सुधारित अर्ज. २) आपले दि. … चे त्रुटी पत्र.

महोदय,
या कार्यालयातील श्री. … यांनी वडिलांच्या शस्त्रक्रियेकरिता दि. १५/०९/२०२६ ते ०९/१०/२०२६ अशी २५ दिवसांची अर्जित रजा, रजेपूर्वी दि. १२, १३ व १४ सप्टेंबर आणि रजेनंतर दि. १० व ११ ऑक्टोबर या सुट्ट्या जोडून, मुख्यालय सोडण्याच्या परवानगीसह मागितली आहे. रजा लेख्याची पडताळणी केली असता आजअखेर १०३ दिवस अर्जित रजा शिल्लक आहे. मे २०२६ मधील ८ दिवसांच्या रजेची नोंद आता घेण्यात आली असून सुधारित प्रत सोबत जोडली आहे. रजा कालावधीत त्यांचे काम श्री. …, वरिष्ठ सहायक यांच्याकडे राहील. सबब रजा मंजूर करण्यास शिफारस आहे. मूळ अर्ज व सहपत्रे सविनय सादर.

बास, एवढंच. दुसऱ्या संदर्भाला त्रुटी पत्र घालायला विसरू नका. तो नसला की ते नवीन प्रकरण समजून वेगळी फाईल उघडतात आणि जुन्या फाईलवरचे शेरे तसेच लोंबकळत राहतात.

आगोट
इतकी पायपीट कशाला? तालुका अधिकारी कार्यालय प्रमुख आहेत. मे मध्ये ८ दिवस त्यांनीच दिले होते. मग २५ पण त्यांनीच द्यावेत.

नारळाचो_काप
कार्यालय प्रमुख असला म्हणून हवी तेवढी रजा मंजूर करता येते असं नाही. रजा मंजुरीचे अधिकार कोणाला, किती दिवसांपर्यंत आणि कोणत्या संवर्गासाठी, हे त्या त्या विभागाच्या अधिकार प्रदानाच्या आदेशात असतं. त्याची प्रत आस्थापनेच्या स्थायी आदेशांच्या नस्तीत हवी. कातळा, ती काढून बघच. तुमच्या साहेबांना एक महिन्यापर्यंत अधिकार असतील तर अर्ज वर पाठवायचीच गरज नव्हती.

कातळावरचा
नस्तीत एक जुना आदेश आहे, पण त्यातल्या पदनामांत आमचं पद नाही. आमच्याकडे १५ दिवसांवरचं सगळं जिल्ह्याला पाठवायचा प्रघात आहे.

दर्यावर्दी
प्रघात हाच खरा नियम.

नारळाचो_काप
प्रघाताला आदेश क्रमांक नसतो. पण गणपतीच्या तोंडावर ती लढाई नको. यावेळी जिल्ह्याला पाठवा आणि परत आल्यावर मार्गदर्शन मागवणारं वेगळं पत्र काढा.

करवंद
थोडं विषयांतर. माझा अर्ज साहेबांनी वर पाठवलाच नाही, खणात ठेवलाय. म्हणतात माणसं कमी आहेत. थेट जिल्ह्याला पाठवू का?

खारवी_आळी
थेट नको. वरिष्ठाला डावलून पाठवलेला अर्ज न वाचताच 'योग्य मार्गाने सादर करावा' म्हणून परत येतो, शिवाय खुलासा विचारला जातो तो वेगळाच. आधी तुमच्याच कार्यालयाच्या आवक नोंदवहीत अर्ज चढला आहे का ते बघा. हातात दिलेला अर्ज आणि आवक क्रमांक पडलेला अर्ज यात जमीन-अस्मानाचा फरक. क्रमांक नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं कोणीही म्हणू शकतं.

साहेबांना शिफारस करायची नसेल तर त्यांनी तसं लिहून पाठवावं. 'रिक्त पदांमुळे शिफारस करता येत नाही' हेही अग्रेषणच. मंजूर की नामंजूर हे सक्षम प्राधिकारी ठरवेल. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, लोकसेवेच्या गरजेपोटी नाकारता येते, हे नियमातच आहे. पण नाकारायची तर ज्याला अधिकार आहे त्याने. मधल्याने खणात ठेवायची नाही.

सुरंगी
आणि दप्तर दिरंगाईचा २००५ चा कायदा आहेच. साधारण फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये.

करवंद
कायदा साहेबांना दाखवू? पुढच्या वर्षीचा गोपनीय अहवाल कोण लिहिणार माहीत आहे ना?

सुरंगी
दाखवू नका. स्मरणपत्र द्या. आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक घालून, दोन ओळींचं, नम्र. त्यालाही आवक क्रमांक घ्या.

दर्यावर्दी
आगाऊ प्रत पाठवायला काय हरकत? वर 'आगाऊ प्रत सविनय सादर' लिहायचं, मूळ अर्ज मार्गानेच. मी कित्येकांना हे सुचवलं आहे, काही झालं नाही.

खारवी_आळी
काही झालं नाही, कारण वरच्या कार्यालयाने ती प्रत नस्तीला लावून टाकली. मूळ अर्ज येईपर्यंत आगाऊ प्रतीवर कोणी टिप्पणी ठेवत नाही. वर साहेबांना कळलं की त्यांचं तोंड वाकडं. रजेसाठी तरी माझं मत आगाऊ प्रतीविरुद्धच.

दर्यावर्दी
तारीख अगदी तोंडावर असेल तर निदान वरच्याला चाहूल लागते. मी माझ्या मताशी कायम.

जावक_बारनिशी
यावर दोघांचं जमणार नाही, पुढे जाऊ. कातळाच्या बाबतीत वेळ हा प्रश्न आहे. सुधारित अर्ज शक्यतो हातोहात पाठवा. कार्यालयाचं टपाल घेऊन जिल्ह्याला कोणी ना कोणी जातच असतं. स्थळप्रतीवर पोच आणि आवक क्रमांक घेऊन यायला सांगा. ई-ऑफिस असेल तर पत्र तिथून जाऊ दे, पण सहपत्रं सुवाच्य स्कॅन करा. रजा लेख्याच्या पानावर रकाने बारीक असतात, तिरपं स्कॅन केलं की ८ चा ३ दिसतो आणि पुन्हा ताळमेळाचा शेरा.

आदेश आला की तो तीन ठिकाणी वाचा. तारखा आणि दिवस जुळतात का; जोडून सुट्ट्यांची आणि मुख्यालय सोडण्याची परवानगी आहे का; आणि 'रजेवर गेले नसते तर त्याच पदावर कार्यरत राहिले असते' हे प्रमाणित करणारं वाक्य आहे का. शेवटचं वाक्य निव्वळ शोभेचं वाटतं, पण रजा वेतन आणि वेतनवाढीचा प्रश्न आला की तेच शोधलं जातं.

नारळाचो_काप
आणि तो आदेश वेतन देयकाच्या टेबलाला द्या. सेवार्थमध्ये देयक तयार होताना आदेश हातात नसेल तर त्या दिवसांवर प्रश्नचिन्ह येतं. तुमची रजा सप्टेंबर आणि ऑक्टोबर अशा दोन महिन्यांच्या देयकांत विभागली जाणार आहे.

फणसपोळी
आदेश यायच्या आत चतुर्थी आली तर? गणपती काही आदेशासाठी थांबत नाही.

जावक_बारनिशी
अर्ज दिला म्हणजे रजा मंजूर झाली असं नाही. १४ तारखेपर्यंत सुट्टीच आहे, तिथवर फक्त मुख्यालय सोडायची परवानगी पुरते आणि ती तालुका अधिकारी देऊ शकतात. प्रश्न १५ पासून आहे. शुक्रवार ११ ला दुपारपर्यंत आदेश आला नाही तर साहेबांमार्फत जिल्ह्याच्या आस्थापना शाखेला फोन करून मंजुरीची स्थिती विचारा आणि साहेबांची लेखी परवानगी घेऊनच निघा. नुसत्या तोंडी 'जा तू'वर निघू नका. साहेबांची बदली झाली की तोंडी परवानगीही त्यांच्याबरोबर जाते.

मालवणी_तिरफळ
ह्या मात्र खरा.

कातळावरचा
सगळ्यांचे आभार. मेची नोंद घेऊन साहेबांची सही झाली. सुधारित अर्ज २५ दिवसांचा केला. पडताळणी वरिष्ठ सहायकांनी केली. कामाची जबाबदारी घ्यायला तेच तयार आहेत, मात्र त्यांना दिवाळीत रजा हवी आहे आणि तेव्हा मी थांबायचं, असा करार झाला. पत्र उद्या माणसाबरोबर रत्नागिरीला जातंय.

एक शेवटचं. शस्त्रक्रिया पुढे गेली किंवा परत येताना अणुस्कुरा घाटात दरडीने रस्ता बंद झाला आणि १२ ऑक्टोबरला हजर होता आलं नाही, तर त्या एका दिवसाचं काय? किरकोळ चालणार नाही हे कळलं.

नारळाचो_काप
मग मुदतवाढीचा अर्ज, अर्जितचाच, रजा संपायच्या आत, त्याच मार्गाने. आगाऊ अंदाज असेल तर ९ तारखेपूर्वी कळवा. न कळवता राहिलात तर ती रजेनंतरची गैरहजेरी होते. त्या दिवसांचं वेतन जातंच, वर अर्धपगारी खात्यातूनही दिवस वजा होतात.

आणि हिशोब नीट समजून घ्या. तो एक दिवस एकाचा नसतो. रजा १२ ऑक्टोबरपर्यंत वाढली की १० आणि ११ या सुट्ट्या टोकाला राहत नाहीत, रजेच्या पोटात येतात. म्हणजे २५ चे २८ होतात आणि शिल्लक ७८ ऐवजी ७५.

मालवणी_तिरफळ
कातळा, गगनबावड्याक वळसो घालून ये, पण अकराकच ये.